सगळ्यांना दुरुस्त करणारा माणूस टीममध्ये असेल तर? चारचौघांत न भांडता मार्ग कसा काढायचा

व्हिडिओ बघितला असेल तर विषय माहीत आहेच, पण व्हिडिओत वेळेअभावी नुसत्या पायऱ्या सांगून झाल्या. इथे एक उदाहरण घेऊन सगळं सावकाश बघू, कोणती वाक्यं वापरायची त्यासकट.

आपल्याकडे अशा माणसाला शब्दांची कमी नाही. दीडशहाणा, अतिशहाणा, उंटावरचा शहाणा. रामदासांनी तर दासबोधात पढतमूर्खाची लक्षणं सांगायला एक अख्खा समास दिलाय. पण धंद्यात नाव ठेवून काम भागत नाही, कारण हा माणूस उद्या सकाळी परत कामावर येणार असतो. बऱ्याचदा तो आपला भागीदार असतो, काका असतो, गटातली सगळ्यात जुनी सदस्य असते.

आणि एक गोष्ट आधीच मान्य करू. असा माणूस नेहमी चुकीचं बोलत नाही. बऱ्याचदा तो बरोबर असतो, म्हणून तर त्याला गप्प करणं अवघड जातं. नुकसान होतं ते त्याच्या माहितीमुळे कमी आणि ती कुठं, कधी, कुणासमोर सांगितली यामुळे जास्त. हा फरक डोक्यात ठेवा. पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

उदाहरण: दहा जणींचा मसाल्याचा गट

इंदापूर तालुक्यात निमगाव केतकीच्या बाजूला दहा जणींचा एक बचत गट आहे असं समजा. कांदा-लसूण मसाला आणि शेंगदाणा चटणी हा त्यांचा माल. बारामतीच्या दोन-तीन किराणा दुकानांत पाकिटं जातात, आठवडे बाजारात स्टॉल लागतो, आणि डिसेंबरात पुण्याला भीमथडी जत्रेत स्टॉल मिळावा म्हणून तयारी चाललीय.

गटाच्या अध्यक्ष ताई बत्तीस वर्षांच्या. सचिव काकू पन्नाशीच्या पुढच्या. काकूंचा हात मसाल्यात मुरलेला, हिशेबाची वही एकदम चोख. पण कुणीही काही बोललं की काकूंचं सुरू होतं, "तसं नाही गं ते."

बाजारात एक गिऱ्हाईक विचारतं, "हा मसाला किती दिवस टिकतो?" स्टॉलवरची सून म्हणते, "चार महिने." मागून काकू, "चार कुठले, तीनच धर. आणि फ्रिजमध्ये ठेवायला सांग की, हिला काही माहीतच नाही." गिऱ्हाईक हातातलं पाकीट खाली ठेवतं आणि म्हणतं, "बघते, येते परत."

आता काकू बरोबर होत्या का? होत्या. पाकिटावरच तीन महिने छापलेलं होतं. तरी गिऱ्हाईक गेलं, कारण त्याला मुदत कळली नाही. त्याला एवढंच कळलं की या लोकांचं आपसात ठरलेलं नाही. आणि ती सून? पुढच्या बाजाराला तिला ताप आला. त्याच्या पुढच्या बाजारालाही आला.

खरी किंमत ही असते. गिऱ्हाईक एक जातं, ते दिसतं. पण गटातली शिकणारी माणसं हळूहळू बोलायची बंद होतात, ते दिसत नाही. बैठकीत दहा जणी बसतात आणि दोघीच बोलतात. काही महिन्यांनी मसाला जळाल्याचं एखादीच्या लक्षात येतं, पण ती सांगत नाही, कारण सांगितलं की आपलंच काहीतरी चुकीचं निघेल अशी तिला भीती असते.

पायरी पहिली: आठ दिवस नुसतं लिहून काढा

बोलायला जायच्या आधी आठ दिवस थांबा. एक वही घ्या, ती कुणाला दाखवायची नाही. काकूंनी केलेली प्रत्येक दुरुस्ती एका ओळीत लिहा आणि पुढे तीनपैकी एक खूण करा. बरोबर आणि महत्त्वाची. बरोबर, पण फरक न पडणारी. चुकीची.

ताईंच्या वहीत आठ दिवसांत २१ दुरुस्त्या जमल्या असं धरू. त्यातल्या ६ बरोबर आणि महत्त्वाच्या होत्या. उदाहरणार्थ, एकजण रिकाम्या पाकिटाचं वजन धरूनच काट्यावर २०० ग्रॅम भरत होती. पाकिटावर लिहिलेलं वजन आतल्या मालाचं असावं लागतं, रिकाम्या पाकिटासकट नाही. ही दुरुस्ती झाली नसती तर गट अडचणीत आला असता. ९ दुरुस्त्या बरोबर असल्या तरी फरक न पडणाऱ्या होत्या: झाडू कोणत्या कोपऱ्यात ठेवायचा, "डिलेव्हरी" नाही "डिलिव्हरी" म्हणायचं, वगैरे. आणि ६ सरळ चुकीच्या किंवा नुसत्या मताच्या होत्या.

या वहीचे दोन उपयोग. एक, तुमचा राग थोडा खाली बसतो, कारण "ही बाई सारखी चुका काढते" याच्या जागी "२१ पैकी ९ वेळा उगाच बोलली" असं नेमकं काहीतरी हातात येतं. दुसरा उपयोग जास्त महत्त्वाचा. प्रत्येक ओळीपुढे कोण समोर होतं तेही लिहा. ताईंना दिसलं की सगळ्यात जास्त नुकसान फक्त दोन जागी होतं: गिऱ्हाइकासमोर आणि बैठकीत कुणी पहिल्यांदाच बोलत असताना. म्हणजे काकूंचा स्वभाव बदलायचा नाहीये. दोन जागा बंद करायच्या आहेत. हे काम आवाक्यातलं आहे.

पायरी दुसरी: त्या क्षणी काय बोलायचं

सगळ्यांसमोर दुरुस्ती आली की तिथल्या तिथं वाद घालायचा नाही, आणि मानही तुकवायची नाही. एक छोटं वाक्य ठरवून ठेवा आणि दर वेळी तेच वापरा:

"काकू, हे लक्षात ठेवते, संध्याकाळी बघू. हां, तू पुढं बोल गं."

या वाक्याचे दोन भाग आहेत. पहिल्या भागात काकूंचं म्हणणं नाकारलेलं नाही, फक्त पुढे ढकललंय. दुसऱ्या भागात बोलण्याची पाळी जिची होती तिला परत दिलीय. नवीन लोक दुसरा भाग विसरतात. मग काकू गप्प होतात, पण ती मुलगीही गप्पच राहते, आणि काम अर्धंच होतं. आवाज नेहमीसारखा ठेवा. हेच वाक्य दात-ओठ खात म्हटलं तर तो टोमणा होतो.

गिऱ्हाईक समोर असेल तर आणखी सोपं करा. गिऱ्हाइकाकडे बघून योग्य माहिती द्या आणि व्यवहार पुढे न्या: "पाकिटावर तारीख आहे बघा, तीन महिने. कोरडा चमचा वापरा. किती देऊ?" कोण चुकलं, कोण बरोबर, याचा निकाल गिऱ्हाइकापुढे लावायचाच नाही.

आता काय करायचं नाही तेही बघा, कारण ही चूक चांगली चांगली माणसं करतात. "काही लोकांना सवय असते मध्ये बोलायची, मी कुणाचं नाव घेत नाही," असं बैठकीत म्हणायचं नाही. नाव घेतलं नाही तरी दहाही जणींना कळतं, काकूंना सगळ्यात आधी कळतं. हा चारचौघांतला पाणउताराच आहे, फक्त त्याला उत्तर देण्याची सोय ठेवलेली नाही. गटाच्या व्हॉट्सॲपवर सुविचार टाकणं हाही तोच प्रकार. आणि काकू बोलत असताना दुसरीकडे बघून डोळा मिचकावणं तर अजिबात नको. त्याने गटात दोन गट पडतात.

पायरी तिसरी: एकांतातलं बोलणं

हे बोलणं एकदाच, नीट, समोरासमोर. फोनवर नाही, रात्री नाही, आणि घरच्यांच्या देखत नाही. काकूंच्या घरी गेलात आणि तिथं त्यांच्या सूनबाई चहा घेऊन आल्या, की ते बोलणं एकांताचं राहिलं नाही. जागा साधी निवडा. माल पोहोचवायला बारामतीला दोघी चालला असाल तर येतानाचा रस्ता उत्तम. दोघी समोर बघत असतात, डोळ्याला डोळा लावायचा ताण नसतो, आणि गाव आलं की बोलणं आपोआप संपतं. पंधरा मिनिटं पुरेत.

क्रम असा ठेवा. आधी एक खरी, पुराव्याची गोष्ट. मग एकच प्रसंग. मग त्याचा परिणाम. मग एक विनंती. आणि शेवटी त्यांचं ऐकणं.

"काकू, ते पाकिटाच्या वजनाचं तुम्ही पकडलं नसतं तर आपण सगळा माल कमी भरून दिला असता. एक गोष्ट बोलायची होती. मागच्या बाजारात ती चार महिने म्हणाली, तुम्ही तिथंच दुरुस्त केलं. बरोबरच होतं तुमचं. पण गिऱ्हाईक पाकीट ठेवून गेलं, आणि पोरगी दोन बाजार झाले आली नाही. गिऱ्हाइकासमोर असं काही दिसलं तर गिऱ्हाईक गेल्यावर तिला बाजूला घेऊन सांगाल का? तुम्हाला काय वाटतं?"

इथं तीन गोष्टी मुद्दाम नाहीत बघा. "तुम्ही नेहमी" नाही, कारण नेहमी म्हटलं की समोरचा माणूस अपवाद शोधायला लागतो आणि मूळ प्रसंग बाजूला पडतो. "सगळ्या म्हणतात" नाही, कारण मग काकू घरी जाऊन कोण कोण म्हणतं याची यादी करत बसतील. आणि "तुमचा स्वभाव" नाही, कारण पन्नाशीनंतर स्वभाव बदला असं सांगणं हा अपमान आहे, उपाय नाही.

पहिलं उत्तर बहुतेक असं येईल: "मग काय चुकीचं चालू द्यायचं होय?" घाबरू नका, हा प्रश्न रास्त आहे. उत्तर साधं: "नाही, चुकीचं चालू द्यायचं नाहीच. फक्त सांगायची जागा बदलायची." आणि मग थांबा. बरीच माणसं इथं गडबडतात आणि तीच गोष्ट चार वेळा समजावत बसतात. शांतता राहू द्या. काकूंना विचार करायला रस्ता आहे.

पायरी चौथी: दुरुस्तीला हक्काची जागा द्या

नुसतं "इथं बोलू नका" म्हटलं तर माणूस काही दिवस गप्प बसतो आणि मग दुप्पट बोलतो. म्हणून दुसरी जागा द्यावीच लागते. बचत गटाची बैठक तर ठरलेलीच असते, इतिवृत्ताची वहीही असते. बैठकीच्या शेवटी दहा मिनिटं "सुधारणा" म्हणून राखून ठेवा. नियम तीनच: सूचना आधी लिहून आणायची. एका जणीच्या जास्तीत जास्त तीन सूचना. आणि ज्या कामाबद्दल सूचना आहे, त्या काम करणारीने आधी बोलायचं.

"जास्तीत जास्त तीन" हा नियम बारीक वाटतो, पण काम तोच करतो. तीनच न्यायच्या म्हटल्यावर काकूंना स्वतःच निवड करावी लागते. झाडूचा कोपरा आपोआप गळतो, वजनाचा मुद्दा राहतो. आणि नियम सगळ्यांना सारखा आहे, त्यामुळे काकूंवर बोट दाखवलेलं नाही.

मग काही सूचना अशा येतील की दोन्ही बाजू ठाम. तिथं वाद घालू नका, तपासून बघा. काकू म्हणाल्या, "खोबरं अजून गडद भाजा, मसाला जास्त टिकतो. आणि गरम गरम पाकिटात भरू नका." भाजणारी म्हणते, "गडद भाजलं तर कडू लागतं." ठीक आहे. अर्धा किलो मसाला नेहमीच्या भाजणीचा, अर्धा किलो गडद भाजणीचा. बाकी सगळं सारखं, पाकीट तेच, फळी तीच. पाकिटाच्या तळाला 'क' आणि 'ख' लिहा. १५ दिवसांनी आणि ३० दिवसांनी तिघींनी वास आणि चव घ्यायची, खालची खूण न बघता, आणि एकमेकींशी न बोलता कागदावर लिहायचं. खोबऱ्यातल्या तेलामुळे मसाला खवट होतो, त्यामुळे शोधायचा आहे तो खवटपणा. थंड करून भरण्याची तपासणी वेगळी, तशीच दोन पाकिटांची करायची. दोन्ही बदल एकत्र केले तर कशामुळे काय झालं हे कळणारच नाही.

समजा निकाल असा आला: भाजणीने महिनाभरात टिकण्यात फरक दिसला नाही, चव मात्र कडवट झाली. पण गरम भरलेल्या पाकिटात आतून पाणी सुटलं आणि मसाल्याच्या गुठळ्या झाल्या. गरम मालाची वाफ पाकिटात अडकते, थंड झाल्यावर तिचं पाणी होतं आणि पुढे बुरशीला वाट मिळते. म्हणजे काकू एका मुद्द्यावर बरोबर, एकावर नाही. आणि हे कुणी कुणाला तोंडावर सांगितलं नाही, पाकिटांनी सांगितलं.

याला अभ्यासाचाही आधार आहे. जस्टिन क्रुगर आणि डेव्हिड डनिंग या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये दाखवलं की एखाद्या विषयात सगळ्यात कमी गुण पडलेली माणसंही स्वतःला सरासरीपेक्षा वर समजतात. त्यातला कामाचा भाग पुढे आहे: त्याच माणसांना तो विषय थोडा शिकवला, की त्यांचा स्वतःबद्दलचा अंदाज खाली येऊन बराचसा ताळ्यावर आला. म्हणजे ज्याला चुकीची खात्री आहे त्याच्याशी वाद घालून उपयोग नाही; त्याच्या हातात तपासायचं साधन द्या.

अपवाद: इथं वहीची वाट बघायची नाही

हा सगळा नियम दोन ठिकाणी लागू नाही. जिवाला धोका असेल तर, आणि चुकीचा माल गिऱ्हाइकाच्या हातात पडत असेल तर. चालू मशीनमध्ये मिरची ढकलताना कुणाचा पदर जवळ गेला, तर काकूंनी ओरडलंच पाहिजे. मुदत संपलेलं पाकीट विकलं जात असेल तर तिथंच हात धरला पाहिजे. हे अपवाद आधीच सगळ्यांना सांगून ठेवा, नाहीतर "तुम्हीच म्हणालात ना, संध्याकाळी सांगा" असं ऐकायची पाळी येते. अशा वेळीही शब्द दोनच: "थांब, पदर!" किंवा "हे पाकीट दे, दुसरं घे." का, कसं, कुणाला माहीत नव्हतं, ते सगळं नंतर.

चाललंय की बिघडतंय, कसं ओळखायचं

महिन्याभराने काकूंकडे बघू नका, इतरांकडे बघा. बैठकीत किती जणी बोलल्या ते मोजा. दोनच्या जागी पाच झाल्या तर काम झालं, काकू अजून अधूनमधून "तसं नाही गं" म्हणत असल्या तरी.

दोन गोष्टी बिघडू शकतात. पहिली, काकूंना खूश ठेवायला त्यांना सरसकट "गुणवत्ता प्रमुख" करून टाकणं. मग आधी जी सवय होती तिला पदाचा शिक्का मिळतो. द्यायचंच असेल तर मोजता येईल असं एकच काम द्या, उदाहरणार्थ रोज दहा पाकिटांचं वजन तपासून वहीत लिहिणं. दुसरी, दुरुस्त्या बंद होतात पण कुजबुज सुरू होते. बैठकीत सूचना शून्य आणि विहिरीवर चर्चा भरपूर, असं दिसलं तर समजा की तुम्ही दिलेली जागा काकूंना खरी वाटलेली नाही. बहुतेक वेळा कारण एकच असतं: त्यांच्या बरोबर निघालेल्या सूचनेवर अंमल झाला नाही. थंड करून भरायचं ठरलं, तर दुसऱ्या दिवसापासून थंड करूनच भरलं पाहिजे, आणि इतिवृत्तात काकूंच्या नावाने लिहिलं गेलं पाहिजे.

आणि काहीच बदललं नाही तर? मग दुसऱ्यांदा एकांतात बोला, पहिल्यापेक्षा थोडक्यात. त्यानंतरही गिऱ्हाइकासमोर तेच होत असेल, तर स्टॉलची पाळी बदला. काकू हिशेब आणि पॅकिंग बघतील, स्टॉलवर दुसरी बसेल. कारण द्यायचं ते कामाचं, आणि ते खरं असलं पाहिजे: हिशेब त्यांच्याइतका चोख कुणाचा नाही. जत्रेच्या गर्दीत प्रयोग करू नका, हा बदल आधीच्या साध्या बाजारात करून बघा.

तुमच्या धंद्यात हा माणूस सासरा किंवा मोठा भाऊ असेल, आणि दुकान त्यांच्याच नावावर असेल, तर पाळी बदलायचा अधिकार तुम्हाला नाही. तिथं पायरी दुसरी आणि चौथी एवढ्याच हातात राहतात: त्या क्षणाचं वाक्य, आणि तपासणीची पाकिटं. त्यातही गिऱ्हाइकासमोर "आप्पा म्हणतात ते बघू, तोवर हे घ्या," एवढं म्हटलं तरी व्यवहार वाचतो.

या आठवड्याचा गृहपाठ

एक वही, आठ दिवस, तीन खुणा, आणि पुढे कोण समोर होतं त्याची नोंद. कुणाशी काही बोलायचं नाही. आठ दिवसांनी वही उघडा आणि सगळ्यात जास्त नुकसान होणारी एकच जागा निवडा. फक्त तिच्यासाठी पायरी तिसरीतलं बोलणं तुमच्या शब्दांत लिहून काढा, मोठ्याने एकदा वाचा, आणि त्यात "नेहमी" हा शब्द सापडला तर खोडा.

पुढच्या व्हिडिओत आपण बैठकीचं इतिवृत्त असं कसं लिहायचं ते बघू, की ठरलेली गोष्ट खरंच दुसऱ्या दिवशी होते. भेटू.